'मुरवण' म्हणजे मुरलेलं लोणचं की विरजण? लोणच्याच्या घरगुती व्यवसायाला नाव हवं आहे

परसदार
मी आणि माझी आतेबहीण मिळून आजीच्या पद्धतीचं कैरीचं लोणचं विकायला सुरुवात करतो आहोत. आजीचं, आमचं किंवा घरातल्या कुणाचंही नाव-आडनाव व्यवसायाला द्यायचं नाही, हे दोन्ही घरांत ठरलेलं आहे. पाककृतीवर दोघींचा सारखाच हक्क आणि आडनावं मात्र वेगळी, हे त्याचं कारण. बराच विचार करून 'मुरवण' हे नाव काढलं. साठवलेली ती साठवण, तसं मुरवलेलं ते मुरवण. लेबलाचा नमुनाही तयार झाला. तो बघून बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "मुरवण म्हणजे दुधाला लावायचं विरजण. लोणच्याच्या बाटलीवर ते कशाला?" त्या धुळ्याच्या आहेत. आम्ही दोघींनी हा अर्थ कधी ऐकलेला नाही.
तर प्रश्न दोन. 'मुरवण'चा लोणच्याशी संबंध लावता येतो का? आणि नसेल, तर दुसरा कोणता शब्द सुचतो?

तापीतीर
सासूबाईंचं बरोबर आहे. आमच्याकडे 'मुरवण लावलं का?' असं विचारलं की दह्याचीच चौकशी असते. लोणच्यासाठी हा शब्द कोणी वापरत नाही. बाटली पाहून खानदेशातला माणूस आधी दह्याचाच विचार करेल.

शुद्धमती
दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात. -ण, -वण लागून होणारी नामं एकाच साच्यातली नसतात. 'दळण' म्हणजे दळायचं धान्य आणि दळण्याची क्रियाही. 'सारवण' म्हणजे ज्याने सारवतात ते, आणि सारवण्याचं कामही. 'साठवण' म्हणजे साठवणं आणि साठवलेलं. म्हणजे 'मुरवण'चा अर्थ 'मुरवलेली वस्तू' असा घेतला तर तो चुकीचा नाही. मात्र 'ज्याने मुरवतात ते', म्हणजे विरजण, हा अर्थ आधीपासून रुळलेला आहे. रुळलेला शब्द बाजूला सारून त्यावर नवा अर्थ बसवणं मला पटत नाही. नवा शब्द हवा असेल तर नवाच घडवावा.

बोलीभाषक
शुद्धमती, अर्थ रुळतो तो वापरानेच. बाटलीवर कैरीचं चित्र आहे, खाली 'कैरीचं लोणचं' असं लिहिलेलं आहे, तरी कोणी दही समजेल? नाव दह्याच्या शब्दासारखं आहे म्हणून लोणचं परत आलं, असं होत नाही. शिवाय मुरलेला माणूस म्हणजे अनुभवी माणूस. 'मुरब्बी' हा शब्दही त्यातूनच आला ना?

शुद्धमती
'मुरब्बी' मुरण्यातून आलेला नाही. तो अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ पालनपोषण करणारा, आश्रयदाता. गंमतीची गोष्ट अशी की 'मुरब्बा' त्याच अरबी धातूचा आहे. आपण त्याचा 'मुरंबा' केला, शेवटी 'आंबा' ऐकू येऊ लागला आणि मग साखरांबा, गुळांबा, मेथांबा अशी रांग लागली. 'मुरणे' हे वेगळं, आपलं क्रियापद. आणि मुरण्याबद्दल बोलायचंच तर 'पाणी कुठंतरी मुरतंय' हेही लक्षात घ्या. खाण्याच्या वस्तूवर संशयाचा हा सूर नको.

नवशिका
एवढा विचार कशाला? 'आजीचं लोणचं' ठेवा. आजी हे काही कुणाचं नाव नाही, नातं आहे, त्यामुळे तुमची अटही पाळली जाते. किंवा आजीच्या माहेरचं आडनाव ठेवा, ते तुम्हा दोघींचंही नाही. माझ्या काकूंनी पापडाच्या धंद्याला माहेरचंच आडनाव दिलं आहे आणि छान चाललंय. आणि हो, 'आजोळ' कसं वाटतं?

परसदार
आडनाव कुणाचंच नको, माहेरचंही नको. 'आजोळ'वर आम्हीही थांबलो होतो. पण माझी ती वडिलांची आई, बहिणीची आईची आई. तिच्यासाठी ते घर आजोळ, माझ्यासाठी स्वतःचं घर. अर्ध्याच भागीदाराला लागू पडणारं नाव होतं ते.

हिशेबनीस
'आजीचं लोणचं' याबद्दल कायद्याची बाजू सांगतो, कारण लेबल छापून झाल्यावर नाव बदलणं महागात पडतं.
ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 9 प्रमाणे, जे चिन्ह फक्त मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगतं, त्याची नोंदणी सहसा होत नाही. 'आजीचं लोणचं' हे दोन शब्द ग्राहकाला एवढंच सांगतात की हे लोणचं आहे आणि जुन्या घरगुती पद्धतीचं आहे. तेच दुसऱ्या शंभर जणांनाही सांगायचं असतं, म्हणून कायदा ते एकट्याच्या हाती देत नाही. शब्द मराठी आहे म्हणून सूट नाही. परीक्षक त्याचा अर्थच पाहतो.
आडनाव न घेण्याचा तुमचा निर्णय याही बाजूने योग्य आहे. कलम 35 प्रमाणे प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला अडवता येत नाही. उद्या त्याच आडनावाचा दुसरा कोणी लोणचं विकू लागला, तर त्याला रोखणं अवघड जाईल.
नाव असं हवं की ते लोणच्याकडे बोट दाखवेल, पण लोणच्याचं वर्णन करणार नाही.

बोलीभाषक
म्हणजे नावात 'लोणचं' शब्द आला की नोंदणी नाहीच?

हिशेबनीस
तसं नाही. अख्खं नाव वर्णनाचंच असेल तर अडतं. वेगळा शब्द आणि त्यापुढे 'लोणची' असं असेल तर नोंदणी होऊ शकते. फक्त 'लोणची' या शब्दावर तुमचा एकट्याचा हक्क राहत नाही, हक्क अख्ख्या नावावर असतो.

रांजण
परसदार, नाव शोधण्याआधी एक विचारतो. आजीच्या पद्धतीत वेगळं काय आहे? कैरीच्या लोणच्यात मीठ, मोहरी, मेथी, हिंग, हळद, तिखट, तेल हे सगळीकडेच असतं. फरक क्रमात असतो. तो क्रम कळला तर शब्द त्यातूनच सापडेल.

परसदार
एक किलो फोडींना पावणेदोनशे ग्रॅम मीठ आणि हळद लावून रात्रभर ठेवायच्या. सकाळी फोडी उपसून कापडावर सावलीत पसरायच्या. खाली जो खार सुटलेला असतो तो टाकायचा नाही. त्यातच मोहरीची पूड घालून ती पांढरट होईपर्यंत फेसायची. मग मेथी-हिंगाची पूड, तिखट, फोडी, आणि शेवटी पूर्ण गार केलेली फोडणी. बरणीला दादरा बांधून ठेवायची, रोज एकदा हलवायची, मग झाकण.

रांजण
मग वेगळेपण स्पष्ट आहे: मोहरी पाण्यात न फेसता कैरीच्या खारात फेसणं. मोहरीचा झणका कोरड्या पुडीत नसतो, ओल लागल्यावर उठतो. ओल आंबट असेल तर तो सावकाश उठतो पण जास्त टिकतो, म्हणून काही जण लिंबाचा रस घालतात. तुमच्या आजीने ते काम खाराकडून करून घेतलं. फोडणी गरम ओतली तर झणका उठायच्या आधीच मरतो आणि नुसता कडवटपणा उरतो, म्हणून 'पूर्ण गार' हे लेखी ठेवा. दोघी वेगवेगळ्या स्वयंपाकघरांत करणार असाल तर तिथेच चवीत फरक पडेल.
मीठ कमी करू नका. ग्राहक 'मीठ जास्त आहे' म्हणतील, पण ते बरंच कमी केलं की वर पांढरी बुरशी धरते आणि फोड मऊ पडते.
माझी सूचना: 'खार'. तुमच्या पद्धतीचा जीव त्यातच आहे.

बोलीभाषक
'खार' एकदम छान. एका अक्षरात घास बसतो. दोन अक्षरं म्हणा हवं तर.

शुद्धमती
खार म्हटलं की मुलांना झाडावरची खार दिसते. त्यात 'खार खाणे' म्हणजे मनात डूख धरणे. दोन्ही अर्थ जिवंत आहेत. शब्द क्षारावरून आला, तोंडात येतो तेव्हा मात्र तो चार दिशांना जातो.

तापीतीर
'लोणचं' हाच शब्द मुळापासून घ्या ना, लोणी आणि लोणचं एकाच घरातले आहेत. 'लोण' असं काहीतरी करता येईल.

शुद्धमती
अर्धं बरोबर आहे. 'लोणचं'मधलं लोण हे लवण, मीठ. बुलढाण्याचं लोणार सरोवरही त्याच खारटपणाने ओळखलं जातं. पण लोणी आलं 'नवनीत'वरून, त्यात मीठ नाही. ऐकायला जुळतात, गोत्र वेगळं. आणि नुसतं 'लोण' म्हटलं की आज 'लोण पसरणे' आठवतं. साथीसाठी वापरतात तो शब्द खाण्यावर नको.

खाडीकाठ
आमच्या गोव्यात कैरीच्या लोणच्याला मिस्कूट म्हणतात. आणि मोहरीचा मान ठेवायचा असेल तर 'सासव'. सासव म्हणजे मोहरी, बोलायला मऊ आणि घाटावरच्या लोकांना नवीन.

रांजण
सासव ऐकल्यावर गोवेकराला पिकल्या आंब्याचं, खोबऱ्याचं सासव आठवेल. तो पदार्थ जेवणातला आहे, बाटलीतला नाही. तुम्ही गोव्यातही विकणार असाल तर तिथल्या ग्राहकाला चुकामूक वाटेल. 'मिस्कूट' तर तिथे पदार्थाचंच नाव. 'लोणचं' नाव ठेवण्यासारखंच ते होईल.

हिशेबनीस
'खार'ला आणखी एक अडचण आहे. मुंबईत खार हे उपनगर आहे. `Khar` असं रोमनमध्ये लिहिलं की परीक्षक ठिकाणाचं नाव म्हणून हरकत घेऊ शकतो. आणि 'खारातली मिरची', 'खारातले आवळे' असं आपण बोलतोच, त्यामुळे ते मालाचं वर्णनही ठरू शकतं. एकाच कलमाखाली दोन हरकती.
नाव काहीही ठरवा, शोध असा घ्या. ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधात लोणच्यासाठी वर्ग 29 निवडा. मसाले, चटण्या, मेतकूट विकणार असाल तर वर्ग 30 ही पाहा. नुसतं जसंच्या तसं नाव शोधू नका, नावाचा भाग असलेली चिन्हंही शोधा. देवनागरी चिन्हं बहुतेक वेळा रोमन अक्षरांतच सापडतात, म्हणून 'मुरवण'साठी `Murvan`, `Muravan`, `Murwan`, `Murawan` अशी सगळी रूपं टाकून पाहा. त्याच पानावर उच्चारावरून शोधायची सोयही आहे, ती वगळू नका. अर्ज एकट्या व्यक्तीने ऑनलाइन केला तर एका वर्गाला 4,500 रुपये लागतात. ते परत मिळत नाहीत, म्हणून शोध आधी.

परसदार
'अस्सल' किंवा 'पारंपरिक' असा शब्द पुढे जोडला तर? 'अस्सल खार' वगैरे.

हिशेबनीस
टाळा. शुद्ध, अस्सल, पारंपरिक अशा अर्थाचं विशेषण नावात असेल आणि त्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर हे फक्त ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप सांगत नाही, अशी सूचना किमान 3 मिलीमीटर उंचीच्या अक्षरांत लेबलवर द्यावी लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, 2018 चा नियम आहे. ज्या शब्दाने विश्वास वाढवायचा, त्याच्याच खाली 'हे खरं समजू नका' असं छापायची वेळ येते.
आणि एक. व्यवसायाच्या नावात व्यक्तीचं नाव नसलं, तरी लेबलवर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता लागतोच. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर एफएसएसएआयची साधी नोंदणी होते. ती कुणाच्या नावावर घ्यायची हे दोघींनी आत्ताच ठरवा. ब्रँडवर कुणाचं नाव नाही आणि नोंदणी एकीच्याच नावावर, असं झालं तर आडनाव टाळायचं तुमचं कारणच राहत नाही.

परसदार
हे लक्षात आलंच नव्हतं. आज बोलते तिच्याशी.

बोलीभाषक
तुमच्या कृतीतच नाव आहे. 'बरणीला दादरा बांधून' असं तुम्ही लिहिलंत. दादरा! शहरातल्या निम्म्या लोकांना शब्द माहीत नाही, ते विचारतील, आणि तुम्ही सांगाल की बरणीच्या तोंडाला बांधतात ते फडकं. बाटलीच्या झाकणावर कापडाचा गोल तुकडा बांधला की नाव आणि वस्तू एकत्र.

हिशेबनीस
कायद्याच्या बाजूने हे आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं वाटतं. लोणच्याचं वर्णन नाही, तरी लोणच्याच्या घरातलं आहे. शोध मात्र घ्याच. आणि दादरा नावाचं ठिकाणही आहे, दादरा आणि नगर हवेली, त्यामुळे ठिकाणाची हरकत अगदीच येणार नाही असं म्हणत नाही.

खाडीकाठ
दादरा म्हणजे सहा मात्रांचा ताल. गाणाऱ्या माणसाला लोणचं नाही, तबला ऐकू येईल.

परसदार
तालाची अडचण मला वाटत नाही. दोघींनाही 'दादरा' आवडलं. फोनवर सांगून पाहिलं, ऐकणाऱ्याने पहिल्यांदाच नीट लिहून घेतलं. 'मुरवण' सांगितलं तेव्हा 'मोरवण', 'मुरबाड' असं काय काय लिहिलं गेलं होतं.

शुद्धमती
फोनवरची चाचणी चांगली आहे, पण पुरेशी नाही. नाव एकटं कधी बोललं जात नाही, त्याला प्रत्यय लागतात. दादरा, दादऱ्याचं लोणचं, दादऱ्याकडून मागवलं. लोक मात्र ब्रँडला सामान्यरूप करायला कचरतात आणि 'दादराचं लोणचं' म्हणतात. तिथून एक पाऊल पुढे 'दादरचं लोणचं'. झालं, तुमचं लोणचं दादरला गेलं. ग्राहक दुसऱ्याला सांगेल ते असं सांगेल, आणि दुसरा दादरमध्ये दुकान शोधेल. 'खार'चीही तीच गत, 'खारचं लोणचं'.

बोलीभाषक
ब्रँडचं सामान्यरूप करायचं नाही, असा लोकांनीच पाडलेला नियम आहे. त्यात चूक काय? विशेषनाम आहे ते.

शुद्धमती
विशेषनामांचंही सामान्यरूप होतं. पुणे, पुण्याचं. ठाणे, ठाण्याला. 'पुणेचं' कोणी म्हणत नाही. मग मराठी शब्दाचंच नाव ठेवलं असताना त्याला परक्यासारखं का वागवायचं? लेबलवर, जाहिरातीत तुम्ही स्वतः 'दादऱ्याचं' असं लिहिलंत तर लोकही तसंच बोलतील.

बोलीभाषक
पुणे, ठाणे शेकडो वर्षं तोंडात आहेत. नव्या नावाला तसं वळण लागायला वेळ लागतो. तोपर्यंत 'दादरा लोणचं', प्रत्ययाविना. आणि 'ऱ्य' हे अक्षर किती फॉन्टमध्ये नीट उमटतं ते छपाईवाल्याला विचारा. 'र्‍या'ऐवजी रफार चढून 'दादर्याचं' छापून येतं, ते जास्त वाईट दिसेल.

रांजण
तुमच्या दोघांच्या वादाला उत्तर म्हणून नाही, पर्याय म्हणून सांगतो. 'कोयरी'. हळदीकुंकवाची आंब्याच्या आकाराची डबी, आणि साडीच्या काठावरची नक्षीही. कोयरीचं, कोयरीला, कोयरीकडून. कुठेही अडखळत नाही. लेबलचं चित्रही आयतं मिळतं. उद्या लिंबाचं लोणचं केलं तरी चालेल, कारण नाव आकाराचं आहे. मालाचं नाव खाली वेगळं लिहावंच लागतं.

तापीतीर
कोयरी की कुयरी? आमच्याकडे कुयरी. कैरीवरूनच आलं असणार.

शुद्धमती
कोयीवरून आलं असं मला वाटतं. दोन्ही रूपं बोलण्यात आहेत, आणि हीच अडचण आहे. ग्राहक `Koyari`, `Koyri`, `Kuyari`, `Kuyri` यातलं काहीही टाकेल.

परसदार
बहिणीला 'दादरा'च हवं आहे, मला 'कोयरी'कडे ओढ वाटते आहे. दोन्हींचा शोध आज रात्री घेते. एक शंका राहिली. सासूबाई म्हणतात की दादरा फक्त फडक्याला म्हणत नाहीत, फडकं आणि त्यावरची दोरी मिळून दादरा. तसं आहे का?

रांजण
मी फडक्यालाच म्हटलेलं ऐकलं आहे. बांधतात ते फडकं. सुती, धुतलेलं, घट्ट विणीचं हवं. मांजरपाट चालतो, मलमल नको, त्यातून चिलटं जातात. सुरुवातीच्या दिवसांत फोडींना आणखी पाणी सुटतं. घट्ट झाकण लावलं तर त्याची वाफ आत झाकणाला धरते, थेंब वरच्या फोडींवर पडतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. कापडातून ओल निघून जाते. विकायच्या बाटलीत भरताना तेल फोडींच्या वर आलेलं असलं पाहिजे, तोवर दादरा सोडू नका.

तापीतीर
दोरीसकट म्हणतात, आमच्याकडे तरी. कोकणात आणि कोल्हापूरकडे काय म्हणतात, कोणी सांगेल का?